उजव्या कानातली शिट्टी: पहिले दोन दिवस आणि पुढचे तीन महिने

भाद्रपदात सेनगाव तालुक्यात सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की रात्रीची राखण सुरू होते. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत तासंच्या तासं लोळवतात, म्हणून बांधावर बॅटरी, काठी आणि पिशवीत सुतळी बॉम्ब घेऊन माणूस बसलेला असतो. वात पेटवायची, बॉम्ब फेकायचा आणि मागे सरकायचं. पण एखादी वात आखूड निघते किंवा भसकन जळते, आणि बॉम्ब हातातून सुटतो न सुटतो तोच उजव्या बाजूला फुटतो. क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग उजव्या कानाला दडा बसतो आणि आत एक बारीक, अखंड शिट्टी सुरू होते. डाव्या कानाला मात्र काहीच झालेलं नसतं.

घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं: झोपून उठ, सकाळपर्यंत जाईल. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. मोठ्या आवाजानंतरची घुईघुई काही तासांत ओसरायला लागते आणि एक-दोन दिवसांत थांबते. पण काही जणांची थांबत नाही, आणि पहिल्या रात्री नुसत्या शिट्टीवरून दोघांतला फरक ओळखता येत नाही. म्हणून शिट्टी किती मोठी आहे याची चिंता करत बसण्यापेक्षा त्या कानाचं ऐकणं कमी झालं आहे का, हे पाहायला हवं. ते पाहता येतं, आणि बऱ्याच अंशी घरीच पाहता येतं. उपचाराची घाई करायची की वाट पाहायची, हे त्यावरच ठरतं.

आधी आवाजाचा हिशेब करू. आपल्याकडे फटाक्याला कायद्याने मर्यादा आहे: फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर 125 डेसिबल, किंवा क्षणिक शिखर मोजायच्या पद्धतीने 145 डेसिबल. उघड्यावर अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. म्हणजे चार मीटरवर 145 असलेलं शिखर दोन मीटरवर 151 आणि एका मीटरवर 157 च्या आसपास जातं. स्फोटाच्या अगदी जवळ हा साधा नियम पुरेसा पडत नाही, प्रत्यक्षातला दाब त्याहूनही जास्त असू शकतो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा: कामाच्या ठिकाणी मोठ्या माणसाच्या उघड्या कानावर 140 डेसिबलच्या वर शिखर एकदाही पडू नये, असं जगभर धरलं जातं. म्हणजे नियमात बसणारा फटाकासुद्धा चार मीटरवर ही रेषा ओलांडू शकतो. इथे तो हाताच्या अंतरावर फुटला आहे.

वरातीतल्या डीजेचा धोका वेगळ्या वाटेने येतो. तिथे एकच फटका नसतो, वेळ साचत जातो. आठ तास 85 डेसिबल कानाला साधारण झेपतात असं मानलं, तर दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक आणि 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. बॉक्सला खेटून नाचणाऱ्या पोराची ही पंधरा मिनिटं वरात पहिल्या चौकात पोचायच्या आत संपलेली असतात.

मग एकच कान का वाजतो? अंतराचा फरक असतोच, पण खरं कारण डोकं. मोठ्या आवाजात कानाला जास्त घातक असतो तो उंच पट्टीचा भाग. 4000 हर्ट्झच्या आवाजाची लहर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या डोक्यापेक्षा आखूड. अशा लहरी डोक्याला सहज वळसा घालू शकत नाहीत, त्यामुळे पलीकडचा कान डोक्याच्या आडोशाला राहतो. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्यांचा डावा कान जास्त खराब होतो, तोही याच कारणाने: डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आड. तेव्हा फटाका उजवीकडे फुटला आणि उजवाच कान वाजतोय, हे हिशेबाला धरून आहे. फटाका उजवीकडे फुटला आणि वाजतोय डावा, किंवा मोठा आवाज झालेलाच नसताना एक कान अचानक वाजायला लागला, तर दुखणं दुसरंच असू शकतं. त्याकडे पुढे येऊ.

मोठ्या आवाजापासून जपायची कानाची स्वतःची एक व्यवस्था आहे. मधल्या कानातला एक छोटा स्नायू आवाज वाढला की आवळतो आणि आत जाणारी हालचाल कमी करतो. पण त्याला पूर्ण आवळायला साधारण एक दशांश सेकंद लागतो, आणि सुतळी बॉम्बचा मुख्य दणका काही हजारांश सेकंदांत उरकलेला असतो. त्यामुळे तो अख्खा आत पोचतो.

आत कर्णावर्त आहे, शंखासारखी वळलेली वाटाण्याएवढी पोकळी. तिच्यातल्या पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात, एका कानात सगळ्या मिळून पंधरा-सोळा हजार. त्यातल्या साधारण बारा हजार आवाज वाढवून देण्याचं काम करतात, आणि मेंदूकडे खबर धाडणाऱ्या असतात फक्त साडेतीन हजारांच्या आसपास. प्रत्येक पेशीच्या टोकावर अतिसूक्ष्म केस असतात आणि त्यांची टोकं एकमेकांना बारीक धाग्यांनी जोडलेली असतात. आवाजाने केस वाकतात, धागा ताणला जातो आणि त्या ताणाने पेशीत विजेचा संदेश सुरू होतो.

दणका बसला की तिथे तीन पायऱ्यांचं नुकसान होऊ शकतं. सगळ्यात हलकं नुकसान म्हणजे धागे तुटणं आणि केस लोळणं. हे धागे पुन्हा जुळतात, प्रयोगांत त्याला साधारण एक-दोन दिवस लागलेले दिसले आहेत. त्याच सुमारास केशपेशीला लागून असलेली मज्जातंतूची टोकंही सुजतात, कारण घाबरलेल्या पेशीने संदेशाचं रसायन भरमसाट ओतलेलं असतं. ही सूज उतरते, पण काही टोकं कायमची सुटून जातात. तिसरी पायरी म्हणजे केशपेशीच मरणं. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशीच्या जागी नवी उगवते. माणसाच्या कानात उगवत नाही. तात्पुरती घुईघुई आणि कायमची घुईघुई यांत फरक पडतो तो इथे. दोन्ही शिट्ट्या ऐकणाऱ्याला सारख्याच वाटतात, पण एकीच्या मागे दुरुस्त होणारी मोडतोड असते आणि दुसरीच्या मागे न भरणारी.

पण आवाज बंद झाल्यावरही शिट्टी का ऐकू येते? ती बाहेरून येत नाहीच, आणि बहुतेक वेळा कानातही तयार होत नसते. त्या पट्टीची खबर कानाकडून कमी येऊ लागली की मेंदूतली ऐकण्याची केंद्रं आपली संवेदनशीलता वाढवतात. लांबचं रेडिओ स्टेशन नीट लागत नसलं की आपण बटण पिळून आवाज वाढवतो आणि गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसंच हे. मज्जातंतूंमध्ये एरवीही जी बारीक हालचाल चालू असते, ती वाढवली की शिट्टी म्हणून जाणवते. हेलर आणि बर्गमन या दोघांनी 1953 मध्ये ऐकणं चांगलं असलेल्या 80 लोकांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं. त्यांतल्या 94 टक्के लोकांना काही मिनिटांतच कसले ना कसले आवाज ऐकू आले. म्हणजे हा आवाज प्रत्येकाजवळ थोडाफार असतोच, कानाकडून येणारी खबर घटली की तो वर येतो. शिट्टीची पट्टीही सहसा जिथलं ऐकणं गेलं आहे त्याच पट्टीच्या आसपास असते, म्हणूनच लोक म्हणतात की कानात रातकिडे ओरडतात.

खरे रातकिडे इथे फार कामाचे आहेत. फटाक्यासारख्या दणक्याने ऐकणं सगळ्यात आधी 4000 हर्ट्झच्या आसपास घसरतं, कारण कानाची नळी 3000 हर्ट्झच्या जवळचा आवाज आपोआप वाढवून आत सोडते आणि नुकसान त्याच्या थोडं वरच्या पट्टीत उमटतं. शेतातल्या बऱ्याच रातकिड्यांची किरकिर चार-पाच हजार हर्ट्झच्या घरात असते. तेव्हा रात्री शांत जागी उभं राहून चांगला कान बोटाने घट्ट दाबायचा आणि दुखऱ्या कानाने किरकिर ऐकायची. मग उलट करायचं. बाजू बदलली की किड्यांची दिशाही बदलते, म्हणून दोन्ही वेळा कान त्याच दिशेला येईल असं वळून उभं राहायचं. एका कानाला किरकिर स्वच्छ आणि दुसऱ्याला पुसट किंवा गायब असेल, तर ऐकणं घटलं आहे. फोन आळीपाळीने दोन्ही कानांना लावूनही तुलना करता येते, पण फोनवरचं बोलणं मुख्यतः खालच्या पट्टीत असतं, त्यामुळे त्यात हा दोष लपू शकतो. दोन्ही कान उघडे ठेवून तर तो कळतच नाही. चांगला कान सगळं सांभाळून घेतो आणि माणसाला वाटतं, ऐकू तर येतंय.

दुसरी चाचणी गुणगुणण्याची. तोंड मिटून एका सुरात हूं करायचं आणि तो कोणत्या कानात मोठा वाटतो ते पाहायचं. डॉक्टर कपाळावर स्वरकाटा ठेवून जे पाहतात, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. हूं दुखऱ्या कानात मोठा वाटला तर आवाजाची वाट अडली असण्याची शक्यता जास्त: पडद्याला भोक, आत रक्त, किंवा आधीपासूनचा मळ. तो चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाला मार बसला असण्याची शक्यता. या चाचणीला मर्यादा आहे. गुणगुणणं खालच्या पट्टीचं असतं, त्यामुळे नुसती उंच पट्टी गेली असेल तर हूं दोन्हीकडे सारखाच वाटेल. तेवढ्यावरून सगळं ठीक आहे असं धरू नये.

आता त्याच राखणदाराचा हिशेब पुढे नेऊ. समजा दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी आहे, रात्रीपेक्षा थोडी बारीक, दडा अर्धा सुटलाय. रातकिडे उजव्या कानाला पुसट ऐकू येतात. रक्त नाही, पाणी नाही, चक्कर नाही. चोवीस तासांत दडा सुटत चालला आणि शिट्टी दर काही तासांनी उतरत असेल, तर अठ्ठेचाळीस तास थांबायला हरकत नाही. दोन दिवस उलटूनही ऐकणं कमीच असेल, तर ऑडिओमेट्री करायची. सेनगावच्या ग्रामीण रुग्णालयात कान पाहून पुढची चिठ्ठी घेता येईल. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि तपासणीची शांत खोली यासाठी हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागेल.

तिथे हेडफोन लावून 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे स्वर हळूहळू बारीक करत ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. प्रत्येक कानाचा वेगळा आलेख निघतो. 25 डेसिबलच्या आत सगळे ठिपके असले तर ऐकणं ठीक. आपल्या माणसाचा डावा कान सगळीकडे 10 ते 15 वर आहे असं धरा. उजव्या कानाचेही 250 ते 2000 पर्यंतचे ठिपके तसेच, पण 4000 ला ठिपका 45 वर घसरलेला आणि 8000 ला पुन्हा 20 वर आलेला. 4000 च्या जागी पडलेला हा खड्डा म्हणजे दणक्याची खूणच. वयाने जाणारं ऐकणं असा खड्डा पाडत नाही, ते 8000 कडे सरळ उतरत जातं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर खड्डा 20 पर्यंत भरला तर नुकसान दुरुस्त होणारं होतं. तो 40 लाच अडला तर तेवढ्या केशपेशी गेल्या असं समजावं. सुधारणा बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत होते, त्यानंतर आलेख फारसा हलत नाही.

आलेख पूर्ववत झाला म्हणजे सगळं जागच्या जागी आलं, असंही नाही. कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. दोन आठवड्यांत त्यांचं ऐकणं पूर्ववत झालं, केशपेशीही शाबूत होत्या. पण उंच पट्टीच्या भागात केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले निम्म्याच्या आसपास जोड कायमचे तुटलेले सापडले. माणसात हे कितपत घडतं यावर अजून काम चालू आहे. पण आलेख सरळ असूनही काही जणांना शिट्टी का राहते आणि बाजाराच्या गलक्यात बोलणं का समजत नाही, याचं एक पटणारं कारण यातून मिळतं. म्हणून दरवर्षी थोडे दिवस वाजून थांबणारा कान हा धडधाकट कान आहे, असं मला वाटत नाही.

वाट न पाहता त्याच दिवशी निघायचं ते अशा वेळी: कानातून रक्त किंवा पाणी येतंय, गरगरतंय, किंवा त्या कानाने ऐकायला येणं जवळजवळ थांबलंय. पडदा फाटला असेल तर तो बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतो, अट एवढीच की कान कोरडा ठेवायचा. इथेच घात होतो. गरम तेल, लसणाचं तेल, दुकानातून आणलेले थेंब हे सगळं फाटक्या पडद्यातून सरळ मधल्या कानात उतरतं आणि कान पिकतो. पडदा धड असला तरी तेलाचा काही उपयोग नाही, कारण दुखापत तेल पोचत नाही अशा जागी आहे.

मोठा आवाज झालेला नसताना एका कानाचं ऐकणं एकाएकी, फार तर तीन दिवसांच्या आत घसरलं आणि सोबत शिट्टी आली, तर ती तातडीची वेळ आहे. त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा कानात इंजेक्शन देतात, आणि त्याचा लाभ व्हायचा असेल तर तो पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो. बरेच लोक मळ साचला असेल म्हणत महिना घालवतात. फटाक्याच्या दणक्यानंतरही ऐकणं बरंच कमी झालं असेल तर डॉक्टर पुष्कळदा हेच औषध देतात. तिथे पुरावा तितका भक्कम नाही, पण द्यायचं तर लवकरच द्यावं लागतं. मधुमेह असेल तर तो आधी सांगावा, कारण या गोळ्यांनी साखर चढते. महिनोन्महिने एकच कान वाजत राहिला आणि त्याचं ऐकणं हळूहळू उतरत गेलं, तर एमआरआय करून ऐकण्याच्या मज्जातंतूवर गाठ नाही ना, हे पाहतात. अशी गाठ क्वचितच असते आणि कर्करोगाची नसते, पण ती शोधावी लागते. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज हा रक्तवाहिन्यांशी संबंधित वेगळा प्रकार आहे, तोही दाखवावा.

तीन महिन्यांनंतरही शिट्टी असेल तर ती राहणारी समजावी. तरी तिचा त्रास मात्र कमी होऊ शकतो. ती घालवणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. जिंकोच्या, झिंकच्या, कानाच्या टॉनिकच्या नावाने खपणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत असं मी स्पष्ट सांगेन. उपयोग होतो तो दोन-तीन गोष्टींचा. ऐकणं घटलं असेल तर श्रवणयंत्र, कारण हरवलेली खबर मेंदूला परत मिळाली की त्याने वाढवलेला आवाज खाली येऊ शकतो. रात्री अगदी शांत खोलीत न झोपता पंखा किंवा बारीक रेडिओ चालू ठेवणं, म्हणजे शिट्टी एकटी पडत नाही. आणि झोप उडाली असेल, मन त्याच आवाजात अडकलं असेल, तर समुपदेशकाकडून विचार आणि वागणं बदलण्याची शिस्तशीर उपचारपद्धत. तिने आवाज जात नाही, पण त्याची दहशत जाते. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. दिवसातून दहा वेळा शांत कोपऱ्यात जाऊन आवाज आहे का गेला हे तपासणाऱ्याला हे शिकायला जास्त वेळ लागतो.

वाजत्या कानाला पहिले आठ-पंधरा दिवस दुसरा दणका चालत नाही. सूज उतरत असताना पुन्हा राखणीला फटाका किंवा चुलतभावाच्या लग्नातला डीजे म्हणजे दुरुस्त होणारं नुकसान कायमचं करण्याची सोय. हेडफोन मोठा करून कान तपासणंही टाळा. राखणीला जाणं चुकतच नसेल तर वात लांब ठेवा, बॉम्ब हातात न पेटवता जमिनीवर पेटवा आणि चार मीटरच्या बरंच पलीकडे जा. कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचा इअरप्लग बोटांनी बारीक वळून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवला आणि तो फुगेपर्यंत धरला, तर वीस ते तीस डेसिबल कमी होतात. प्लग जवळ नसला तर वात पेटवून मागे पळा आणि दोन्ही कानांत बोटं घट्ट घाला. त्यानेही जवळपास तेवढाच आवाज अडतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.